प्रकल्प नोंदी: ५० शेअर, ६० महिने आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचे श्रिंकेज

३ जून: किती आकडे लागतात

काम असे आहे. ५० शेअर, त्यांचे मासिक परतावे, मागे पाहण्यासाठी ६० महिन्यांची खिडकी. यातून एफिशियंट फ्रंटियर काढायची, म्हणजे प्रत्येक अपेक्षित परताव्याला कमीत कमी जोखमीचा पोर्टफोलिओ कोणता, हे दाखवणारी रेषा.

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलेल्या या पद्धतीला तीन गोष्टी पुरवाव्या लागतात: प्रत्येक शेअरचा अपेक्षित परतावा, प्रत्येकाचा व्हेरियन्स आणि प्रत्येक जोडीचा कोव्हेरियन्स. ५० शेअरना ५० सरासऱ्या, ५० व्हेरियन्स आणि N(N−1)/2 या हिशेबाने १२२५ कोव्हेरियन्स. एकूण १३२५ अंदाज. हाताशी असलेले परतावे मात्र ५० × ६० = ३००० आहेत. एका अंदाजामागे जेमतेम सव्वादोन निरीक्षणे येतात. शेअर १०० केले तर अंदाज ५१५० होतात आणि निरीक्षणे ६०००. शेअर दुप्पट झाले की कोव्हेरियन्स जवळपास चौपट होतात, माहिती मात्र दुप्पटच वाढते. पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

एका जोडीचा अंदाज किती डळमळीत असतो ते आजच मोजून ठेवले. ६० महिन्यांत दोन शेअरचा कोरिलेशन ०.३० दिसला, तर त्याचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा साधारण ०.०५ ते ०.५१ इतका रुंद निघतो. म्हणजे "जवळपास संबंध नाही" इथपासून "चांगलाच संबंध आहे" इथपर्यंत काहीही खरे असू शकते. अशा १२२५ जोड्या एकाच वेळी ऑप्टिमायझरच्या हाती जाणार आहेत.

५ जून: परतावे साफ करताना

मॅट्रिक्स बनवण्याआधी तीन जागा तपासायच्या.

पहिली, स्प्लिट आणि बोनस. किंमत समायोजित नसेल तर एकाचे दहा शेअर झालेल्या महिन्यात −९० टक्के परतावा नोंदला जातो. ६० महिन्यांत असा एकच खोटा महिना आला, तरी तो एकटा त्या शेअरच्या वार्षिक जोखमीत सुमारे ४० टक्क्यांइतका व्होलॅटिलिटीचा भाग घालतो. वर त्याचे बाकी शेअरशी असलेले कोरिलेशन शून्याकडे ओढले जातात, कारण त्या महिन्यात इतरांनी तसे काही केलेले नसते. दर महिन्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान परतावा छापून डोळ्यांनी पाहायचा. ±५० टक्क्यांपलीकडचा प्रत्येक आकडा कॉर्पोरेट ॲक्शनच्या यादीशी ताडून घ्यायचा.

दुसरी, साधा परतावा की लॉग परतावा. पोर्टफोलिओचा परतावा हा साध्या परताव्यांची भारित सरासरी असतो, लॉग परताव्यांची नसतो. त्यामुळे इथे सर्वत्र साधे परतावे.

तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. काही शेअर उशिरा सूचिबद्ध झालेले असतात. `DataFrame.cov()` रिकाम्या जागा सोडून प्रत्येक जोडीसाठी जेवढे महिने दोघांकडे आहेत तेवढ्यांवर कोव्हेरियन्स काढतो. मग प्रत्येक खाना वेगवेगळ्या काळातून येतो आणि असे खाने एकत्र मांडल्यावर मॅट्रिक्स गणिती अर्थाने वैध राहीलच असे नाही. `np.linalg.eigvalsh` ने सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू पाहायची. ती ऋण असेल, तर असा एखादा पोर्टफोलिओ आहे ज्याचा व्हेरियन्स ऋण निघतो, आणि ऑप्टिमायझर नेमका त्याच दिशेला धावतो. श्रिंकेज केल्यावर, म्हणजे मॅट्रिक्स एका साध्या लक्ष्याकडे थोडी ओढल्यावर, ही ऋण आयगेनव्हॅल्यू धन होऊन जाऊ शकते, पण तो दोष झाकणे झाले, दुरुस्ती नव्हे. इथे फक्त पूर्ण ६० महिने असलेले शेअर ठेवले.

९ जून: साधी मॅट्रिक्स ऑप्टिमायझरला दिली तर

आज सर्वांत डावीकडचा बिंदूच घेतला, म्हणजे किमान व्हेरियन्सचा पोर्टफोलिओ. त्याला अपेक्षित परतावे लागतच नाहीत, त्यामुळे कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचा दोष एकटा वेगळा दिसतो. शॉर्ट करण्यावर सध्या बंधन नाही.

परतावे नॉर्मल आणि एका महिन्याचे दुसऱ्या महिन्यापासून स्वतंत्र धरले तर या पोर्टफोलिओबाबत दोन नेमकी सूत्रे मिळतात. ऑप्टिमायझर सांगतो तो व्हेरियन्स सरासरीने खऱ्या किमान व्हेरियन्सच्या (T−N)/(T−1) पट असतो. पुढच्या महिन्यांत प्रत्यक्ष भोगावा लागणारा व्हेरियन्स सरासरीने (T−2)/(T−N−1) पट असतो.

T = ६० आणि N = ५० घाला. पहिला गुणक १०/५९, म्हणजे ०.१७. दुसरा ५८/९, म्हणजे ६.४४. व्हेरियन्सचे वर्गमूळ काढून व्होलॅटिलिटीत बोलायचे तर: खरी किमान जोखीम १० टक्के असेल, तेव्हा कागदावर ४.१ टक्के दिसते आणि प्रत्यक्षात २५.४ टक्के येते. सहा पटींचे अंतर. बाजार बदलला, मॉडेल चुकले असे यात काहीच नाही. सगळे गृहीतक तंतोतंत खरे असतानाही एवढे अंतर पडते, केवळ अंदाज थोड्या माहितीवर काढल्यामुळे.

खिडकी १२० महिन्यांची केली तर तेच आकडे ७.७ आणि १३.१ टक्के होतात, २६० निरीक्षणांवर ९.० आणि ११.१. म्हणजे माहिती वाढवणे हा उपाय आहेच. पण दहा वर्षांपूर्वीची कंपनी आणि आजची कंपनी एकच धरावी लागते, आणि तेवढा इतिहास सगळ्या शेअरना नसतो. आठवड्याचे परतावे घेतले तर पाच वर्षांत २६० निरीक्षणे मिळतात, हा मधला मार्ग खरोखर उपयोगी आहे. रोजच्या परताव्यांवर गेले की कमी उलाढालीच्या शेअरचा शेवटचा सौदा दिवसाच्या मधेच झालेला असतो. त्याची किंमत एक दिवस मागे राहते आणि कोरिलेशन खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

असे का होते? ऑप्टिमायझर मॅट्रिक्स नव्हे, तिचा व्यस्त वापरतो. सर्व ५० शेअर परस्पर स्वतंत्र आणि समान जोखमीचे असले, तर खऱ्या मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू १ असतात. पण मार्चेन्को आणि पास्तुर यांच्या १९६७ च्या निष्कर्षाप्रमाणे नमुन्यातल्या आयगेनव्हॅल्यू (1−√q)² ते (1+√q)² एवढ्या पसरतात, इथे q = N/T. आपल्या मापांना हा पसारा ०.००७६ ते ३.६६ इतका होतो. ज्या दिशेला खरा व्हेरियन्स १ आहे तिथे नमुना ०.००७६ सांगतो. व्यस्त घेतल्यावर त्याच दिशेला सुमारे १३० चे वजन मिळते. सर्वांत चुकीचा अंदाज असलेल्या दिशेला सर्वांत जास्त पैसा जातो, तो असा.

N हा T−1 पेक्षा मोठा झाला की काही आयगेनव्हॅल्यू नेमक्या शून्य होतात आणि व्यस्त उरतच नाही. मॅट्रिक्स त्या टोकाला पोहोचली की प्रोग्राम त्रुटी दाखवतो किंवा भार उघडच अवास्तव येतात, म्हणून ते टोक कमी धोक्याचे. ५० आणि ६० ही जोडी त्रुटी दाखवत नाही, गुळगुळीत रेषा काढून देते. तिच्यावर म्हणूनच जास्त लक्ष ठेवायला हवे.

१२ जून: एकच जोडी हातात घेऊन

५० मितींमध्ये काय घडते ते दोन शेअरमध्ये उघड दिसते. पहिल्याची वार्षिक व्होलॅटिलिटी २० टक्के, दुसऱ्याची २२, दोघे एकाच धंद्यातले. नमुन्यातला कोरिलेशन ०.९७.

किमान व्हेरियन्ससाठी पहिल्याचा भार:

```
w1 = (s2^2 - r*s1*s2) / (s1^2 + s2^2 - 2*r*s1*s2)
   = (0.0484 - 0.04268) / (0.0884 - 0.08536)
   = 0.00572 / 0.00304 = 1.88
```

पहिल्यात १८८ टक्के, दुसऱ्यात ८८ टक्के शॉर्ट. छेदाकडे पाहा: ०.००३०४. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आहे, म्हणून r जरा हलला की छेद मोठ्या प्रमाणात हलतो. आणि r हलणारच. ६० महिन्यांत ०.९७ दिसला, तर ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ०.९५ ते ०.९८ असतो. r = ०.९५ धरला तर भार १३७ टक्के येतो, ०.९८ धरला तर २४४ टक्के. माहितीच्या दृष्टीने हे तीनही कोरिलेशन सारखेच खरे मानता येतील, पण त्यातून निघणारे सौदे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता श्रिंकेज. सर्व जोड्यांचा सरासरी कोरिलेशन ०.३५ आहे असे धरू आणि ३० टक्के वजन त्याला देऊ. ०.९७ चा होतो 0.7 × 0.97 + 0.3 × 0.35 = 0.784. सूत्रात घातल्यावर पहिल्याचा भार ७२ टक्के, दुसऱ्याचा २८. शॉर्ट गेला. ०.९५ पासून सुरुवात केली तर ७० टक्के, ०.९८ पासून ७२ टक्के. १३७ ते २४४ हा हेलकावा ७० ते ७२ वर आला.

किंमत काय मोजली तेही इथेच नोंदवतो. या दोघांचा खरा कोरिलेशन बहुतेक ०.७८ नाहीच, तो ०.९५ च्या वरच आहे. श्रिंकेजने अंदाज मुद्दाम एका बाजूला झुकवला. झुकाव थोडा घेऊन थरथर पुष्कळ कमी केली, हा व्यवहार आहे. पण एकाच कंपनीचे दोन प्रकारचे शेअर किंवा एकाच निर्देशांकावरचे दोन फंड यादीत असतील, तर श्रिंकेज त्यांना खऱ्यापेक्षा वेगळे समजेल आणि दोघांत विभागणी केल्याचा फायदा नसताना दाखवेल. अशा जोडीतला एक आधीच काढून टाकायचा.

१६ जून: कोणत्या लक्ष्याकडे ओढायचे

श्रिंकेजचे सूत्र एका ओळीचे आहे: Σ = δF + (1−δ)S. S ही नमुन्याची मॅट्रिक्स. F हे लक्ष्य, थोड्या आकड्यांत बसणारी शिस्तबद्ध मॅट्रिक्स. δ म्हणजे ओढण्याचे प्रमाण, ० ते १.

आयगेनव्हॅल्यूंवर परिणाम कसा होतो ते ९ जूनच्याच उदाहरणावर पाहिले, F म्हणून एकक मॅट्रिक्स घेऊन. δ फक्त ०.१ ठेवला तरी सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू ०.००७६ वरून ०.१०७ वर चढते. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांचे गुणोत्तर ४८२ वरून ३२ वर येते. δ = ०.३ ला ते सुमारे ९ उरते. वरच्या टोकाला फारसा धक्का बसत नाही, खालचे टोक उचलले जाते, आणि दुखणे खालच्याच टोकाला होते.

ऑलिव्हिए लेदुआ आणि मायकेल वोल्फ यांनी तीन लक्ष्ये वापरून दाखवली: २००३ मध्ये एका बाजार-घटकावर बेतलेली मॅट्रिक्स, २००४ मध्ये एकक मॅट्रिक्सचा पट, आणि २००४ मध्येच सर्व जोड्यांना एकच सरासरी कोरिलेशन देणारी मॅट्रिक्स. आपली यादी निव्वळ शेअरची आहे आणि शेअर बहुतांशी एकत्र हलतात, म्हणून तिसरे लक्ष्य घेतले. त्यात प्रत्येकाचा स्वतःचा व्हेरियन्स जसाच्या तसा राहतो, फक्त कोरिलेशन मधल्या किमतीकडे सरकतात.

इथे एक चूक फार सहज होते. `sklearn.covariance.LedoitWolf` हे तयार साधन चांगले आहे, पण त्याचे लक्ष्य एकक मॅट्रिक्सचा पट आहे, म्हणजे सर्वांना सरासरी व्हेरियन्स. शेअरच्या यादीत ५ टक्के व्होलॅटिलिटीचा रोखे फंड असला आणि सरासरी व्हेरियन्स ०.०९ असला, तर δ = ०.३ ला त्या फंडाचा व्हेरियन्स ०.००२५ चा ०.०२८८ होतो. ५ टक्क्यांचा फंड १७ टक्क्यांचा दिसू लागतो. शेअर आणि रोखे एकत्र असतील तर हे लक्ष्य वापरायचे नाही. समान कोरिलेशनचे लक्ष्यही तिथे विचार करूनच, कारण रोखे आणि शेअर यांचा संबंध शेअर-शेअर संबंधासारखा नसतो. गट पाडून प्रत्येक गटाची वेगळी सरासरी घेणे जास्त प्रामाणिक.

१७ जून: δ डोळ्यांनी ठरवायचा नाही

δ चे इष्टतम मूल्य माहितीतूनच निघते. तीन राशी लागतात. π म्हणजे S च्या सर्व खान्यांतली थरथर. ρ म्हणजे त्यातला असा भाग जो F मध्येही आहे, कारण F देखील त्याच नमुन्यातून काढलेला असतो. γ म्हणजे F आणि S यांच्यातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज. δ = (π − ρ)/(γT), आणि तो ० ते १ मध्ये बसवायचा. नमुना थरथरता असेल तर δ वाढतो, लक्ष्य नमुन्यापासून फार दूर असेल तर कमी होतो, T वाढत गेला की शून्याकडे जातो.

```python
import numpy as np

def lw_const_corr(X):
    T, N = X.shape
    Y = X - X.mean(axis=0)
    S = Y.T @ Y / T
    sd = np.sqrt(np.diag(S))
    R = S / np.outer(sd, sd)
    rbar = (R.sum() - N) / (N * (N - 1))
    F = rbar * np.outer(sd, sd)
    np.fill_diagonal(F, sd**2)
    P = (Y**2).T @ (Y**2) / T - S**2
    A = (Y**3).T @ Y / T - (sd**2)[:, None] * S
    np.fill_diagonal(A, 0)
    rho = np.trace(P) + rbar * (np.outer(1/sd, sd) * A).sum()
    gamma = ((F - S)**2).sum()
    d = max(0.0, min(1.0, (P.sum() - rho) / gamma / T))
    return d * F + (1 - d) * S, d
```

X मध्ये ओळी महिन्यांच्या आणि स्तंभ शेअरचे. उलटे दिले तरी कोड चालतो आणि ६० × ६० ची मॅट्रिक्स परत करतो, म्हणून परत आलेल्या मॅट्रिक्सचा आकार तपासणे सक्तीचे. परतावे टक्क्यांत दिले की दशांशात, δ बदलत नाही. हीच कोडची एक छोटी चाचणी: X ला १०० ने गुणून पुन्हा चालवा, δ तोच यायला हवा. दुसरी चाचणी: परत आलेल्या मॅट्रिक्सचा कर्ण S च्या कर्णाशी तंतोतंत जुळायला हवा.

एकमेकांवर चढणारे परतावे द्यायचे नाहीत, उदाहरणार्थ दर महिन्याला काढलेला मागच्या बारा महिन्यांचा परतावा. सूत्र प्रत्येक ओळ स्वतंत्र धरते. चढत्या खिडक्यांत ६० ओळींमागे जेमतेम सहा स्वतंत्र वर्षे असतात, तरी सूत्राला त्या साठच वाटतात. π खऱ्यापेक्षा कमी निघतो आणि δ खोटा लहान येतो.

वार्षिकीकरण शेवटी: मासिक मॅट्रिक्स × १२. मासिक मॅट्रिक्ससोबत वार्षिक अपेक्षित परतावे दिले गेले, तर फ्रंटियर ३.४६ पट डावीकडे सरकलेली दिसते. हे १२ चे वर्गमूळ आहे. आलेखावर शेअरची जोखीम ८-९ टक्के दिसली की आधी हेच पाहायचे.

२३ जून: तपासणी कशी लावली

६० महिन्यांवर मॅट्रिक्स काढायची, किमान व्हेरियन्सचे भार घ्यायचे, पुढचा एक महिना धरून ठेवायचे, खिडकी एक महिना पुढे. यादी प्रत्येक वेळी त्या तारखेला अस्तित्वात असलेल्या शेअरचीच. आज टिकलेल्या कंपन्यांची यादी मागे नेली तर जोखीम आपोआप कमी दिसते.

नोंदायच्या राशी तीन: प्रत्यक्ष व्होलॅटिलिटी आणि ऑप्टिमायझरने सांगितलेली व्होलॅटिलिटी यांचे गुणोत्तर, दर महिन्याला बदललेला भार, आणि सर्वांत मोठा शॉर्ट. साध्या मॅट्रिक्सला पहिले गुणोत्तर ६ च्या आसपास अपेक्षित आहे. श्रिंकेजनंतर ते १ कडे यायला हवे, पण नेमके १ येईल अशी अपेक्षा ठेवायची नाही. निवड आणि मोजमाप एकाच नमुन्यावर झाल्यामुळे थोडा आशावाद उरतोच. शेजारी समान भारांचा पोर्टफोलिओ कायम ठेवायचा. त्याला एकही अंदाज लागत नाही, म्हणून मोजपट्टी म्हणून तो निर्दय आहे.

निकाल वाचताना एक मर्यादा: १२० महिन्यांवर मोजलेल्या व्होलॅटिलिटीची स्वतःची प्रमाण त्रुटी सुमारे साडेसहा टक्के असते. एका पद्धतीला १२.० आणि दुसरीला १२.५ टक्के आले, तर दोन आकडे वेगवेगळे पाहून काही ठरवता येत नाही. दोन्ही पोर्टफोलिओ एकाच बाजारातले असल्याने त्यांच्या महिनावार वर्गांतला फरक घ्यायचा आणि त्या फरकाची चाचणी करायची. त्यात समान थरथर वजा होते.

शॉर्टवर बंदी घालूनही हीच तपासणी करायची आहे. जगन्नाथन आणि मा यांनी २००३ मध्ये दाखवले की ऋण भारांना बंदी घालणे हे स्वतःच एक प्रकारचे श्रिंकेज आहे: जे शेअर शॉर्ट झाले असते त्यांचे कोव्हेरियन्स कमी केल्यासारखा परिणाम होतो. म्हणून बंदी असताना δ चा फायदा बराच लहान दिसला, तर कोडमध्ये चूक शोधत बसायचे कारण नाही.

२६ जून: उरलेली रेषा

डावा बिंदू स्थिर झाला. तिथून वर जायला अपेक्षित परतावे लागतात आणि कोव्हेरियन्सचे श्रिंकेज त्यांना हातही लावत नाही. ३० टक्के व्होलॅटिलिटीच्या शेअरची पाच वर्षांची सरासरी घेतली तर तिची प्रमाण त्रुटी 30/√5, म्हणजे १३.४ टक्के असते. शेअर-शेअरमधले खरे फरक याहून पुष्कळ लहान असतात. मासिकऐवजी रोजचे परतावे घेतल्याने ही त्रुटी कमी होत नाही, कारण सरासरी ठरते ती जवळपास पहिल्या आणि शेवटच्या किमतीवरूनच. व्हेरियन्सला वारंवार मोजण्याचा फायदा मिळतो, सरासरीला मिळत नाही.

म्हणून नमुन्याच्या सरासऱ्या कच्च्या वापरायच्या नाहीत. जोरियन यांच्या १९८६ च्या पद्धतीने त्या किमान व्हेरियन्स पोर्टफोलिओच्या सरासरीकडे ओढायच्या. तो बिंदू आता श्रिंकेज केलेल्या मॅट्रिक्समधून येतो, त्यामुळे हे काम याच क्रमाने करावे लागते.

रेषेसाठी किमान व्हेरियन्सच्या परताव्यापासून सर्वांत मोठ्या अपेक्षित परताव्यापर्यंत ३० पायऱ्या. प्रत्येक पायरीला Σ तीच आणि बंधने तीच: भारांची बेरीज १, ऋण भार नाही, परतावा त्या पायरीएवढा. तपासणीची खूण: डाव्या टोकाच्या शेजारच्या दोन पायऱ्यांत एखादा भार २० टक्क्यांहून जास्त उडी मारत असेल, तर त्या शेअरचा जुळा यादीत राहून गेला आहे का ते आधी पाहायचे. उजव्या टोकाला एकाच शेअरमध्ये १०० टक्के येणारच, तो दोष नाही. आलेखावर वरचा अर्धा भाग तुटक रेषेने काढला आहे, कारण तिथली उंची सरासऱ्यांच्या अंदाजावर उभी आहे.